व्हेरियन्सच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलसाठी नमुना किती मोठा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण चालवले आहे. सीएनसी लेथवर २० मिलीमीटर व्यासाचे शाफ्ट निघतात, ड्रॉइंगवर टॉलरन्स ±३० मायक्रॉन आहे आणि व्यास किती विखुरतो हे जाणून घ्यायचे आहे. σ म्हणजे प्रक्रियेचे खरे प्रमाण विचलन, σ² तिचा खरा व्हेरियन्स. s आणि s² हे त्यांचे नमुन्यातून काढलेले अंदाज. वेगळे सांगितले नसेल तिथे इंटरव्हल ९५ टक्क्यांचा धरावा.

१. व्हेरियन्सचा इंटरव्हल काढतात कसा, आणि त्यात नमुन्याचा आकार नेमका कुठे येतो?

मोजमापे नॉर्मल वितरणातून आली असतील आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर (n−1)s²/σ² ही राशी n−1 डिग्री ऑफ फ्रीडमच्या काय-स्क्वेअर वितरणाप्रमाणे वागते. त्या वितरणाच्या डाव्या टोकाला २.५ टक्के आणि उजव्या टोकाला २.५ टक्के क्षेत्र सोडून दोन किमती घ्यायच्या. डावीकडची χ²_L, उजवीकडची χ²_U. मग इंटरव्हल असा येतो:

```
(n-1)s² / χ²_U   <   σ²   <   (n-1)s² / χ²_L
```

मोठ्या किमतीने भागले की खालची मर्यादा मिळते आणि लहान किमतीने भागले की वरची. इथे उलटापालट झाली की खालची मर्यादा वरचीपेक्षा मोठी दिसते, त्यामुळे चूक लगेच लक्षात येते. प्रमाण विचलनाचा इंटरव्हल हवा असेल तर दोन्ही टोकांचे वर्गमूळ घ्या, वेगळे सूत्र लागत नाही. n चा प्रभाव दोन ठिकाणी आहे: अंशातल्या n−1 मध्ये आणि χ² च्या दोन्ही किमतींमध्ये. म्हणून n = अमुक असे सुटसुटीत सूत्र निघत नाही. n वाढवत जाऊन तपासावे लागते (प्रश्न ४).

२. सरासरीसारखे "s² अधिक-उणे काहीतरी" असे का लिहीत नाहीत?

कारण काय-स्क्वेअर वितरण उजवीकडे झुकलेले आहे. s पेक्षा वरची मर्यादा नेहमी जास्त लांब असते आणि खालची जवळ. n मोठा होईल तसा हा तिरपेपणा कमी होतो, पण शंभर नमुन्यांनाही तो नजरेत भरतो. σ चा इंटरव्हल s च्या किती पटीपासून किती पटीपर्यंत जातो ते खाली पाहा.

| n | खालची मर्यादा | वरची मर्यादा |
|---|---|---|
| १० | ०.६९ s | १.८३ s |
| २० | ०.७६ s | १.४६ s |
| ३० | ०.८० s | १.३४ s |
| ५० | ०.८४ s | १.२५ s |
| ७० | ०.८६ s | १.२० s |
| १०० | ०.८८ s | १.१६ s |

"तीस नमुने घेतले की झाले" हा नियम कुठून तरी सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो. तो सरासरीच्या संदर्भातला आहे. इथे तीस नमुन्यांनंतरही खरे σ तुमच्या s पेक्षा ३४ टक्क्यांनी मोठे असू शकते.

३. n ठरवण्यासाठी σ आधीच माहीत हवे का? माहीत असते तर मोजायला कशाला बसलो असतो?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर दिलासा देणारे आहे: लक्ष्य टक्क्यांत असेल तर σ लागत नाही. वरच्या तक्त्यातल्या पटी फक्त n वर अवलंबून आहेत, s त्यात कुठेच नाही. "वरची मर्यादा s च्या १.२ पटीपेक्षा जास्त नको" अशी अट असेल, तर शाफ्ट असो की औषधाची गोळी, n तोच येतो. सरासरीच्या n साठी σ चा अंदाज लागतो, म्हणून इथेही लागत असेल असे वाटते, एवढेच.

लक्ष्य मायक्रॉनमध्ये सांगितले की मात्र चित्र बदलते. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

४. बरे, वरची मर्यादा s च्या २० टक्क्यांच्या आत हवी. n कसा काढायचा, पायरीपायरीने सांगा.

अट अशी लिहा: (n−1)/χ²_L चे वर्गमूळ १.२ पेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की (n−1)/χ²_L ≤ १.४४. आता डिग्री ऑफ फ्रीडम एकेक वाढवत तपासा. ६८ ला χ²_L ४७.०९२ आहे, भागाकार १.४४४ येतो, म्हणजे थोडक्यात हुकले. ६९ ला χ²_L ४७.९२४, भागाकार १.४३९८, जमले. डिग्री ऑफ फ्रीडम ६९, म्हणजे n = ७०.

७० शाफ्ट मोजले आणि s = ७.६ मायक्रॉन आले असे समजा. s² झाले ५७.७६, त्याला ६९ ने गुणले की ३९८५.४. ६९ ला χ²_U आहे ९३.८५६. भागल्यावर σ² चा इंटरव्हल ४२.५ ते ८३.२ येतो आणि वर्गमूळ घेतल्यावर σ चा ६.५ ते ९.१ मायक्रॉन. खाली १.१ चे अंतर आहे, वर १.५ चे.

हे टॉलरन्सच्या भाषेत पाहिले की बोचते. एकूण टॉलरन्स ६० मायक्रॉन, त्याला ६s ने भागले की Cp, म्हणजे प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती आरामात बसते याचे माप, १.३२ येतो. पण इंटरव्हलची दोन टोके घेतली तर Cp १.१० ते १.५३ यांत कुठेही असू शकतो, आणि तेही सत्तर पीस मोजल्यावर!

५. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात २० टक्क्यांसाठी ४८ लिहिले आहे. तुमचे ७० कुठून आले?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

४८ चा तक्ता असे विचारतो: s हे σ च्या २० टक्क्यांच्या आत पडण्याची शक्यता ९५ टक्के व्हावी यासाठी किती नमुने लागतील? म्हणजे ०.८σ < s < १.२σ. त्याचा झटपट अंदाज ०.५ × (१.९६/०.२)² = ४८ असाही येतो. नमुना घेण्याआधी s किती डगमगेल, याचे हे माप आहे.

७० चे गणित असे विचारते: हातात s आल्यावर जो इंटरव्हल छापणार, त्याची वरची मर्यादा s च्या २० टक्क्यांच्या आत राहावी यासाठी किती लागतील? ४८ नमुन्यांवर इंटरव्हल काढून पाहिला तर तो ०.८३s ते १.२५s येतो. ज्याने अहवालात "±२० टक्के" असे वचन दिले आहे, त्याची इथे पंचाईत होते.

फरक आधार कोणता यात आहे. s जर σ च्या ०.८ पट असेल, तर σ हे s च्या १.२५ पट होते. तुम्हाला ग्राहकाला इंटरव्हल दाखवायचा असेल तर ७० चा रस्ता घ्या, आणि अहवालात "टक्के कशाचे" हे एका वाक्यात लिहा.

६. २० टक्के व्हेरियन्सवर धरायचे की प्रमाण विचलनावर?

आधी हे ठरवा, कारण n मध्ये साडेतीन पटींहून जास्त फरक पडतो. σ ला २० टक्के सूट देणे म्हणजे σ² ला ४४ टक्के सूट देणे. σ² ची वरची मर्यादाच s² च्या १.२ पटीत हवी असेल, तर (n−1)/χ²_L ≤ १.२ व्हायला हवे आणि त्यासाठी साधारण २५५ नमुने लागतात.

टॉलरन्स, Cp किंवा "मायक्रॉनमध्ये किती विखुरते" असा प्रश्न असेल तर σ वर लक्ष्य ठेवा. वेगवेगळ्या कारणांचे व्हेरियन्स बेरजेत मांडायचे असतील (मशीनचा इतका, मटेरियलचा इतका) तर σ² वर. काहीच सांगितले नसेल तर आम्ही σ धरतो, कारण त्याचे एकक शाफ्टच्या व्यासाचेच असते.

७. मला खालच्या मर्यादेशी देणेघेणे नाही. σ फार मोठे नाही एवढेच दाखवायचे आहे. तरी ७०?

नाही, ५१ पुरतात. सगळा ५ टक्के धोका एकाच बाजूला ठेवता येतो, म्हणून χ²_L साठी ०.०२५ ऐवजी ०.०५ चे क्षेत्र घ्यायचे. डिग्री ऑफ फ्रीडम ५० ला ही किंमत ३४.७६४ आहे. ५०/३४.७६४ = १.४३८, अट पूर्ण झाली. ४९ ला ती थोडक्यात हुकते.

Cp साठी बहुतेक वेळा हाच एकतर्फी हिशेब योग्य असतो, कारण Cp जास्त आला म्हणून कोणी तक्रार करत नाही. ५० पीस मोजून "Cp किमान १.३३ आहे" असे ९५ टक्के विश्वासाने म्हणायचे असेल, तर नमुन्यातून आलेला Cp १.६० तरी हवा. दुतर्फी इंटरव्हलच्या खालच्या टोकावर बोट ठेवायचे असेल तर १.६६ लागतो. नमुन्यात १.३५ आला आणि "पास" म्हटले, तर तो निव्वळ s वरचा विश्वास आहे.

एकतर्फी की दुतर्फी हे मोजण्याआधी ठरवावे. आकडे पाहून सोयीची बाजू निवडली की ९५ टक्के हे ९५ राहत नाहीत.

८. ग्राहकाने "σ चा इंटरव्हल ३ मायक्रॉनपेक्षा रुंद नको" असे मायक्रॉनमध्येच सांगितले आहे. आता?

आता σ चा अंदाज लागतो. जुन्या नोंदींवरून σ सुमारे ८ मायक्रॉन आहे असे धरा. ३ भागिले ८ म्हणजे ०.३७५, तेव्हा तक्त्यातली वरची पट वजा खालची पट ०.३७५ पेक्षा कमी व्हायला हवी. डिग्री ऑफ फ्रीडम ५८ ला ही वजाबाकी ०.३७५४ येते, ५९ ला ०.३७२०. म्हणून n = ६०.

पण इथे एक फट राहते. ६० चा हिशेब s बरोबर ८ येईल असे धरून केला आहे. प्रत्यक्षात s आठच्या खाली-वर होणार आणि इंटरव्हलची रुंदी s च्या प्रमाणात वाढणार. σ खरोखर ८ असले तरी जवळपास निम्म्या वेळा रुंदी ३ च्या वर जाईल. s = ९.५ आला तर रुंदी साडेतीन मायक्रॉन होते.

दहापैकी नऊ वेळा तरी रुंदी ३ च्या आत राहावी अशी खात्री हवी असेल, तर s च्या जागी त्याची ९० टक्क्यांची वरची किंमत घ्या. म्हणजे σ गुणिले (χ²_0.90/(n−1)) चे वर्गमूळ. डिग्री ऑफ फ्रीडम ७१ ला हे वर्गमूळ १.१०५ आहे आणि पटींची वजाबाकी ०.३३७. तिन्हींचा गुणाकार, ८ × १.१०५ × ०.३३७, म्हणजे २.९८. ७० ला तो ३ च्या किंचित वर राहतो. तेव्हा n = ७२. बारा पीस जास्त मोजून निम्म्याची खात्री नव्वद टक्क्यांवर जाते. हा सौदा आम्हाला नेहमीच परवडणारा वाटतो.

टक्क्यांतल्या लक्ष्याला (प्रश्न ३) ही अडचण येत नाही, कारण तिथे रुंदी s सोबतच मोजली जाते.

९. σ चा अंदाज नाही म्हणून आधी १० पीस मोजले. त्यावरून n काढू?

काढता येतो, पण तक्त्यातली पहिली ओळ पाहा. दहा पिसांचा s ८ आला तर खरे σ ५.५ पासून १४.६ पर्यंत कुठेही असू शकते. तो ८ प्रश्न ८ च्या सूत्रात घालून आलेला n कागदावर जितका नेमका दिसतो, तितका तो नसतो.

अशा वेळी दोन मार्ग आहेत. शक्य असेल तर ग्राहकाला टक्क्यांतल्या लक्ष्यावर राजी करा, मग अंदाजाची गरजच उरत नाही. नाहीतर चाचणी मोजणीत किमान २५ ते ३० पीस घ्या. प्रक्रिया मधल्या काळात बदललेली नसेल, सेटिंग, मटेरियल आणि माप घेणारा माणूस तोच असेल, तर ते पीस शेवटच्या मोजणीतही मिळवता येतात. इन्सर्ट बदलला असेल तर मिळवू नका.

१०. एक्सेलमध्ये आणि आरमध्ये हे कसे करू? माझे उत्तर तक्त्याशी जुळत नाही.

न जुळण्याचे कारण जवळपास नेहमी एकच असते: डावे क्षेत्र आणि उजवे क्षेत्र यांची गल्लत. छापील तक्ते बहुधा उजवीकडचे क्षेत्र देतात, म्हणून तिथे χ²_L शोधायला ०.९७५ चा रकाना पाहावा लागतो. एक्सेलचे CHISQ.INV आणि आरचे qchisq डावीकडचे क्षेत्र घेतात, CHISQ.INV.RT उजवीकडचे. पडताळणीसाठी:

```
=CHISQ.INV(0.025, 69)      47.924
=CHISQ.INV.RT(0.025, 69)   93.856
```

प्रश्न ४ चा n आरमध्ये तीन ओळींत मिळतो:

```r
df <- 2:2000
ok <- sqrt(df / qchisq(0.025, df)) <= 1.2
min(df[ok]) + 1   # 70
```

शेवटचा +1 विसरू नका. df मिळाला की त्यालाच n समजून एक पीस कमी मोजणारे बरेच असतात.

११. आमची मोजमापे नॉर्मल नाहीत. n वाढवला तर चालेल ना, सरासरीला चालते तसे?

चालत नाही, आणि ही या पद्धतीतली सर्वात महागात पडणारी चूक आहे. सरासरीच्या बाबतीत मध्यवर्ती सीमा प्रमेय मदतीला येते आणि मोठ्या नमुन्यात मूळ वितरणाचा आकार विसरला जातो. s² चा डगमगाट मात्र मूळ वितरणाच्या शेपट्यांवर अवलंबून असतो आणि ते अवलंबित्व n वाढवून जात नाही. मोठ्या n साठी s² चा व्हेरियन्स साधारण (२ + κ)σ⁴/n असतो. κ म्हणजे जादा कर्टोसिस, नॉर्मल वितरणात तो शून्य. काय-स्क्वेअरचे सूत्र κ शून्य धरूनच इंटरव्हल आखते.

शेपट्या जड असतील, म्हणजे κ = ३ असेल, तर खरा डगमगाट १ + κ/२ = अडीच पट होतो. "९५ टक्क्यांचा" इंटरव्हल मग प्रत्यक्षात सुमारे ७८ टक्के वेळाच σ² ला पकडतो. घातांकी वितरणात κ ६ असतो आणि हा आकडा ६७ टक्क्यांपर्यंत घसरतो. हजार नमुने घेतले तर इंटरव्हल अरुंद होतो, पण चुकीचे असण्याचे प्रमाण तेच राहते. उलट अरुंदपणामुळे खोटा विश्वास वाढतो.

उलटी बाजूही आहे. लेथवर टूल झिजत जाते, व्यास हळूहळू वाढतो आणि ऑपरेटर ठरावीक पिसांनंतर ऑफसेट देतो. अशा वेळी हिस्टोग्राम घंटेसारखा न येता सपाट पाटासारखा येतो. पूर्ण सपाट वितरणाचा κ −१.२ असतो. मोजमापे स्वतंत्र असती तर तिथे इंटरव्हल गरजेपेक्षा रुंद निघाला असता आणि नुकसान फक्त जादा पिसांचे झाले असते. पण झिजेमुळे शेजारचे पीस एकमेकांसारखे असतात, म्हणजे स्वातंत्र्याची अटही मोडते. सलग ७० पीस उचलले तर झिजेचा एकच तुकडा हाती येतो आणि s लहान दिसतो. म्हणून मापे उत्पादनाच्या क्रमाने आलेखावर काढा. चढती रेघ दिसली तर पीस पूर्ण शिफ्टभर पसरून घ्या.

जड शेपट्यांसाठी काय करावे? मोजमापे धन आणि उजवीकडे लांबलेली असतील तर लॉगरिदम घेऊन नॉर्मल होतात का ते पाहा, पण मग इंटरव्हल लॉगच्या σ चा असतो हे लक्षात ठेवा. नाहीतर २००६ मध्ये बॉनेट यांनी मांडलेली पद्धत वापरा. ती κ चा अंदाज धरून इंटरव्हल काढते, आणि मिनिटॅब तो काय-स्क्वेअरच्या इंटरव्हलशेजारीच दाखवतो. दोन्ही इंटरव्हल बरेच वेगळे दिसले तर तोच इशारा समजा. n च्या आखणीसाठी ७० ला १ + κ/२ ने गुणा: κ = ३ ला सुमारे १७५. हे वाढीव पीस बॉनेटसारख्या पद्धतीसोबतच उपयोगाचे, जुन्या सूत्रात घालून नाही. शिवाय वीस-तीस पिसांवरून काढलेला κ फार बेभरवशाचा असतो, तेव्हा तो त्याच प्रक्रियेच्या जुन्या लांब नोंदींवरून घ्यावा.

१२. आम्ही दर तासाला ५ पीस मोजतो. १४ तासांचे ७० झाले, चालेल?

प्रत्येक गटाचा s² वेगळा काढून त्यांची सरासरी घेणार असाल, तर नाही. प्रत्येक गट आपली स्वतःची सरासरी काढण्यात एक डिग्री ऑफ फ्रीडम खर्च करतो, त्यामुळे १४ गटांना १४ × ४ = ५६ मिळतात. ६९ गाठायला १८ गट, म्हणजे ९० पीस लागतील.

शिवाय तो σ वेगळाच असतो. गटाच्या आतला विखुरलेपणा म्हणजे त्या पाच मिनिटांतली मशीनची थरथर. तासातासांतला फरक त्यात येत नाही. ग्राहकाला मिळणाऱ्या मालात मात्र तोही असतो. दुसरीकडे, सगळे ७० एकत्र करून s काढला तर डिग्री ऑफ फ्रीडम ६९ लिहिता येतील, पण तासांच्या सरासऱ्या सरकत असतील तर ती ७० स्वतंत्र मापे राहत नाहीत (प्रश्न ११).

१३. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट १० मायक्रॉन आहे. जास्त पीस मोजून भरपाई होईल?

होत नाही. मोजमापात दिसणारा व्हेरियन्स म्हणजे प्रक्रियेचा अधिक मापनाचा. दहा मायक्रॉनच्या पायऱ्यांत गोळाबेरीज केली की १०²/१२ = ८.३ इतका व्हेरियन्स वाढतो. σ ८ असेल तर ६४ चे ७२.३ होतात आणि तुम्हाला ८ ऐवजी ८.५ दिसते. n वाढवला तर इंटरव्हल या ८.५ भोवती आवळत जाईल. मापनाची पुनरावृत्तीतली चूक त्याच वाटेने भर घालते. एक मायक्रॉन लीस्ट काउंटचे साधन घेतले की गोळाबेरजेचा वाटा ०.०८ वर येतो आणि विसरता येतो.

१४. लॉटच फक्त २०० पिसांचा आहे. त्यातले ७० मोजायचे?

तुम्हाला काय जाणून घ्यायचे यावर आहे. प्रश्न मशीनबद्दल असेल, पुढचे लॉट कसे येतील असा असेल, तर होय, ७०. लॉट लहान असल्याने मशीनबद्दलची माहिती वाढत नाही, दोनशेच्या दोनशे मोजले तरी मशीनच्या σ चा इंटरव्हल उरतोच.

प्रश्न फक्त याच २०० पिसांच्या विखुरण्याबद्दल असेल, तर न मोजलेलेच पीस अनिश्चित असतात. ढोबळ हिशेबाने ७०/(१ + ७०/२००), म्हणजे सुमारे ५२ पुरतात. पीस लॉटमधून खरोखर यादृच्छिक उचललेले हवेत. क्रेटच्या वरच्या थरातले ५२ नकोत, कारण ते बहुधा एकाच तासाचे असतात.